‘औषधासारखा’ म्हणजे नेमका कशासारखा? गोड्या मसाल्याच्या एका खेपेचं प्रकरण

माझी भाची कोपरखैरण्यात राहते आणि घरच्या घरी गोडा मसाला करून विकते. गिऱ्हाइकं ठरलेली, ऐरोली ते ठाण्यापर्यंतची. मागच्या वर्षी पावसाळा सरता सरता तीन वेगवेगळ्या घरांतून तिला एकच तक्रार आली: या खेपेचा मसाला औषधासारखा लागतोय. प्रमाण नेहमीचं, भाजणी नेहमीची, दळणाची गिरणीही तीच. बदललं होतं एकच. वाशीच्या मसाला मार्केटातल्या जुन्या गाळ्यावर माल मिळाला नाही म्हणून खडा मसाला दुसऱ्या गाळ्यावरून आणला होता. तिने डबा उघडून हुंगला तेव्हा तिलाही काहीतरी वेगळं वाटलं, पण काय ते सांगता येईना. ठाण्याला माझ्याकडे डबा घेऊन आली तेव्हा म्हणाली, “मावशी, वास जास्त येतोय गं. कशाचा ते नाही कळत.”

मी निवृत्त होईपर्यंत स्वादद्रव्यं बनवणाऱ्या एका कंपनीत वास आणि चव तपासणारी माणसं तयार करत होते. डबा हुंगल्यावर मला एक संशय आला, पण मी तो मुद्दाम बोलले नाही. एकदा का कुणी नाव उच्चारलं, की ऐकणाऱ्याला तोच वास यायला लागतो. शहाजिरे म्हणा, शहाजिरे येईल. शिवाय या खेपेचं उत्तर मी दिलं असतं तर पुढच्या खेपेला ती पुन्हा डबा घेऊन लोकलमध्ये बसली असती. म्हणून तिच्याच नाकाला तयार करायचं ठरलं. पुढे काय काय केलं ते तिच्या परवानगीने, तिचं नाव वगळून लिहिते आहे.

नाक अधू की शब्द अधू?

पहिल्यांदा हेच तपासायला हवं होतं. वास ओळखता न येणं आणि वासाचं नाव न सुचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. तपासायची रीत साधी आहे. एकसारख्या तीन बाटल्या घ्यायच्या. दोघींत जुन्या खेपेचा मसाला, एकीत नव्या खेपेचा, किंवा याच्या उलट. हुंगून वेगळी बाटली कोणती तेवढंच सांगायचं. का वेगळी हे विचारायचं नाही. डोळे झाकून बोट ठेवलं तरी तीनात एकदा बरोबर येणारच, म्हणून एका फेरीवर विसंबायचं नाही. बाटल्यांची जागा बदलून सहा फेऱ्या घ्यायच्या. सहापैकी पाच किंवा त्याहून जास्त वेळा निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी असते.

भाचीला सहाच्या सहा जमल्या. म्हणजे नाक उत्तम होतं.

मग तिच्याच स्वयंपाकघरातले बारा वास बंद बाटल्यांतून दिले आणि नावं विचारली. त्यातली निम्मीही आली नाहीत. रोज हाताळायच्या धण्याला ती “काहीतरी फुलासारखं” म्हणाली आणि गप्प झाली. यात तिचं काही विशेष नाही. विल्यम केन या अमेरिकी संशोधकाने १९७९ साली दाखवलं होतं, की घरातल्या ओळखीच्या वस्तू न बघता हुंगायला दिल्या तर लोकांना सुमारे निम्म्यांचीच नावं सांगता येतात. वास माहीत आहे हे पक्कं कळत असतं, नाव मात्र निसटतं. याच प्रयोगाची दुसरी बाजू आमच्या जास्त उपयोगाची होती. चुकल्यावर लगेच खरं नाव सांगितलं आणि पुन्हा सराव दिला, तर आकडा झपाट्याने वाढतो.

इथे एक गल्लत टाळलेली बरी. सर्दी-तापानंतर वास गेलेल्यांना डॉक्टर गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास दिवसातून दोनदा, निदान बारा आठवडे हुंगायला सांगतात. तो उपचार वेगळा. तिथे वास यायला लागणं हेच उद्दिष्ट असतं. भाचीला वास येत होताच, तिला वासांची खाती उघडायची होती.

बाटल्या

मांडणीत कंटाळा केला की सगळं फसतं, म्हणून हा भाग जरा सविस्तर. काचेच्या छोट्या बाटल्या घेतल्या, औषधाच्या तपकिरी असतात तशा. प्लॅस्टिक घ्यायचं नाही, कारण लवंगेचा वास त्यात मुरतो आणि बाटली धुतली तरी पुढच्या वस्तूला लागतो. बाहेरून कागद गुंडाळला आणि आत वस्तूवर कापसाचा पातळ थर ठेवला, म्हणजे रंग-आकार दिसत नाही आणि हलवल्यावर आवाजही येत नाही. आवाजावरून मिरी ओळखणारी माणसं मी पाहिली आहेत. बुडाला तीन आकडी क्रमांक लिहिले. १, २, ३ असे घातले तर क्रमच पाठ होतो.

आत एक छोटा चमचा अख्खा मसाला, बसायच्या आधी पाच-दहा मिनिटं खलबत्त्यात जरासा चेचलेला. दळलेली पूड वापरायची नाही, तिच्यातला उडून जाणारा भाग आधीच उडालेला असतो. खल प्रत्येक वेळी कोरड्या तांदळाने घासून पुसायचा. फळांच्या साली आणि पाला त्याच दिवशीचा, बाटलीत घालण्याआधी बोटांनी चुरगाळलेला.

हुंगताना बाटली नाकापासून दोन बोटं लांब धरायची आणि छोटे छोटे दोन-तीन श्वास ओढायचे. लांबलचक श्वास घेतल्याने वास जास्त कळत नाही, फक्त नाक लवकर थकतं. मग अर्धा-एक मिनिट थांबायचं. एका बैठकीत पाच-सहा बाटल्या, त्याहून जास्त नाही. मधे कॉफीच्या बिया हुंगायची पद्धत अत्तराच्या दुकानांत दिसते, पण साध्या हवेपेक्षा त्यांचा जास्त उपयोग होत नाही. आम्ही आपल्या कोपराच्या खळगीत नाक घालायचो, तो वास आपल्याला तटस्थ असतो. पंखा बंद. अंगाला अत्तर-पावडर नाही, हात बिनवासाच्या साबणाने धुतलेले, आणि जेवणानंतर लगेच बसायचं नाही.

सगळ्यात महत्त्वाचा नियम वहीचा. बाटली हुंगल्यावर नाव लिहायच्या आधी तीन गोष्टी लिहायच्या: नाकाला काय झालं (थंड, चरचर, झिणझिण, काहीच नाही), कशासारखा वाटला, आणि कुठे भेटला होता. मग अंदाजाने नाव. मग लगेच बाटली उघडून खरं नाव. खरं नाव कळल्यावर तीच बाटली पुन्हा एकदा हुंगायची, या वेळी नाव माहीत असताना. हा शेवटचा हुंग लोक वगळतात, आणि वास व नाव यांची गाठ बसते ती नेमकी तिथेच.

आधी लांबचे, मग जवळचे

क्रम कोणता ठेवायचा याचं उत्तर अत्तरवाल्यांकडून घेतलं. फ्रान्समधल्या ग्रास गावात रूर कंपनीची अत्तरशाळा १९४६ साली सुरू झाली. ती उभारणाऱ्या झाँ कार्ल यांची पद्धत अशी, की शिकणाऱ्याला आधी एकमेकांपासून लांबचे वास द्यायचे. ते पक्के झाले की एकाच कुळातले, एकमेकांशी गल्लत होणारे वास शेजारी ठेवायचे. मसाल्याला ही पद्धत जशीच्या तशी लागू पडते. बहुतेक जण मात्र उलट करतात. पहिल्याच दिवशी मसाल्याचा अख्खा डबा पुढ्यात घेऊन बसतात आणि सातव्या वाटीला सगळ्याचा एकच वास यायला लागतो.

पहिल्या टप्प्यात लवंग, जिरे, वेलची, लिंबाची साल, पुदिना आणि मेथी. सहाही वेगळ्या दिशांचे. तिच्या वहीतल्या पहिल्या नोंदी मला फार आवडल्या. जिऱ्यापुढे तिने लिहिलं, “गर्दीची लोकल, संध्याकाळची.” लिहून खोडलंही, लाज वाटली म्हणून. मी ते परत लिहायला लावलं, कारण जिऱ्यातल्या मुख्य गंधद्रव्याला, क्युमिनाल्डिहाइडला, घामट छटा खरोखरच असते आणि पुष्कळ जणांना ती जाणवते. मेथीपुढे “साखर करपायच्या जरा आधी”. तेही अचूक. मेथीत सोटोलोन नावाचं द्रव्य असतं, ते अगदी कमी मात्रेत जळत्या साखरेसारखं लागतं. आणि लवंगेपुढे होतं: “दाताचा डॉक्टर. खुर्ची.”

लवंग ओळखता आली नव्हती, पण नोंद नावापेक्षा मोलाची होती. दातात तात्पुरतं भरण्यासाठी झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल यांचं मिश्रण वापरतात, आणि युजेनॉल हेच लवंगेच्या तेलातलं मुख्य द्रव्य. तिच्या नाकाला हा वास शाळेच्या वयापासून ठाऊक होता, फक्त तो लवंगेच्या खात्यात जमा नव्हता.

‘नाकाला काय झालं’ हा रकाना कशासाठी, ते समजावं म्हणून एक छोटा प्रयोग केला. नाक चिमटीत घट्ट धरून वेलचीचा एक दाणा चावायचा. जिभेवर थोडा थंडावा आणि किंचित कडवटपणा, बस. चिमूट सोडली की घशाच्या मागून वेलची नाकात चढते. लवंगेचं तेच. नाक बंद असताना नुसती चरचर आणि बधिरपणा, सोडल्यावर लवंग. थंडावा, चरचर, झिणझिण्या या चेहऱ्यावरच्या स्पर्श-वेदनेच्या ट्रायजेमिनल मज्जातंतूवाटे कळतात, वासाच्या मज्जातंतूवाटे नाही. दोन्हींची गल्लत झाली की माणूस सगळ्यालाच ‘उग्र’ म्हणतो आणि तिथेच अडकतो. भाचीच्या सुरुवातीच्या पानांवर ‘उग्र’ हा शब्द जागोजागी होता. मी तो शब्द बंद केला. ‘स्ट्राँग’ही बंद. कमी-जास्त हे आकड्याने लिहायचं, शून्य ते पाच.

आपल्याकडे वासाच्या शब्दांची तशी वाण नाही. खवट आणि कुबट हे वेगळे आहेत हे कोणतीही आजी सांगेल: खवट म्हणजे जुनं झालेलं तेल किंवा खोबरं, कुबट म्हणजे ओल लागून बंद राहिलेलं. खमंग, करपट, धुरकट, मातकट, हिरवट, आंबूस, ओशट हेही शब्द घरातले. यातल्या प्रत्येक शब्दासाठी आम्ही एकेक ठरलेली वस्तू नेमली, म्हणजे शब्द तरंगत राहत नाही. खवट म्हणजे मुद्दाम महिनाभर उन्हात ठेवलेल्या खोबऱ्याच्या किसाची बाटली. कुबट म्हणजे ओलसर गोणपाटाचा तुकडा बंद बाटलीत. मातकट म्हणजे बिटाची साल. धुरकट म्हणजे मसाला वेलची, ती निखाऱ्याच्या धुरावर वाळवतात म्हणून.

रिकामी बाटली

मधे एक चाळणी लावली. सहांपैकी एका बाटलीत नुसताच कापूस ठेवला, सांगितलं नाही. तिने लिहिलं: “हलकी बडीशेप, लांबून.” आदल्या बाटलीत बडीशेप होती. उघडल्यावर आधी ती चिडली, मग हसली. पण त्यानंतर तिने दोन गोष्टी आपणहून सुरू केल्या. दोन बाटल्यांमधला वेळ वाढवला आणि वहीत ‘काहीच नाही’ असं लिहायचं धाडस केलं. रिकामी बाटली नसेल तर शिकणारा प्रत्येक वेळी काहीतरी ओळखतोच, आणि ते ओळखणं आहे की कल्पना आहे हे त्याला कधी कळत नाही. त्याचप्रमाणे एकच वास दोन बाटल्यांत ठेवायचा, नाहीतर पाच नावं वापरून झाली की सहावं आपोआप निघतं.

जवळच्या जोड्या

इथे वेळ लागला आणि लागायलाच हवा. बडीशेप आणि चक्रीफूल: दोघांत अनेथॉल, दोन्ही गोड. फरक असा, की बडीशेपेत हिरवट, किंचित कापरासारखी कडा असते, आणि चक्रीफूल जास्त जड व ज्येष्ठमधाच्या अंगाचं. जिरे आणि शहाजिरे, जायफळ आणि जायपत्री, वेलची आणि मसाला वेलची. दालचिनीचे दोन प्रकार: जाड, चपट्या सालीची, जी बाजारात सर्रास मिळते, आणि पातळ पापुद्र्यांच्या गुंडाळीची सिंहली. पहिली सरळ, तिखट-गोड. दुसरीत थोडा लवंगेचा अंश आहे, कारण तिच्यातही युजेनॉल असतं.

पाला आणि फळं यासाठीच लागली. मसाल्याचा धंदा असताना लिंबू-केळी कशाला, असं तिने विचारलं होतं. कारण मसाल्याच्या वासाचे तुकडे तिथे सुटे भेटतात. तुळशीचं पान चुरगाळलं की पाठीमागे लवंग येते, पुन्हा युजेनॉल. गवती चहा आणि लिंबाची साल यांत सिट्रल सामाईक. गवती चहा आधी हुंगून मग साल घेतली, तर सालीत त्याहून वेगळं काय आहे ते उठून दिसतं. धण्याचं ‘फूल’ तिला संत्र्याच्या सालीशेजारी ठेवल्यावर सापडलं. धण्याच्या तेलात लिनालूल भरपूर असतं, आणि त्याची गोड फुलासारखी छटा लॅव्हेंडरमध्येही असते. कोथिंबिरीत मात्र तो वास नाही. तिथे वेगळी अल्डिहाइडं आहेत, ढेकणाच्या वासाशी नातं सांगणारी. एकाच झाडाचं बी आणि पान इतकं वेगळं असू शकतं, हे तिला बाटल्यांनीच पटवलं.

फळांत केळं सगळ्यात उपयोगी ठरलं, कारण ते एकच वस्तू आहे आणि दर दोन दिवसांनी वेगळा वास देतं. हिरव्या केळ्याला कापलेल्या गवताचा, पिकल्यावर लहानपणच्या गोळ्यांसारखा, डाग पडल्यावर आंबूस आणि मद्यासारखा. वास ‘असतो’ असं न म्हणता ‘या वयाचा असतो’ असं म्हणायची सवय इथे लागली, आणि पुढे तीच कामी आली.

‘औषध’ फोडणं

साधारण दोन महिने झाल्यावर आम्ही मूळ तक्रारीकडे वळलो. ‘औषधासारखा’ हा शब्द मराठी घरात निदान तीन वेगळ्या वासांना वापरतात. एक दाताच्या दवाखान्याचा, म्हणजे युजेनॉल: लवंग, तुळस. दुसरा छातीला चोळायच्या बामाचा, निलगिरीच्या तेलाचा, म्हणजे सिनिऑल: वेलची आणि त्याहून ठळक मसाला वेलची. तिसरा पोटदुखीच्या औषधाचा, थायमॉल: ओवा. तिघांच्या बाटल्या शेजारी ठेवून ती बिनचूक सांगायला लागेपर्यंत मसाल्याला हात लावला नाही.

गोड्या मसाल्यात ओवा नसतो. तो वास असलाच तर गिरणीत आधीच्या माणसाने ओवा दळला होता असा अर्थ, आणि तीही शक्यता खरीच असते. म्हणून तीन संशयित: लवंग, मसाला वेलची, गिरणी.

आता मसाला सरळ हुंगून यातला कोण ते सांगता येईल का? नाही, आणि हा प्रशिक्षणाचा दोष नाही. मिश्रणातले तीन-चारच्या वर घटक सुटे ओळखणं तज्ज्ञांनाही जमत नाही, हे ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड लेंग यांच्या प्रयोगांतून दिसलं आहे. गोड्या मसाल्यात बारा-चौदा वस्तू. ‘मला यात प्रत्येक घटक कळतो’ म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. इथे वेगळा मार्ग घ्यावा लागतो: एकेक घटक वगळून बघायचा.

तिने नव्या मालातून प्रत्येक वस्तू वेगळी भाजली आणि गिरणीत न नेता घरच्या मिक्सरवर वेगवेगळी दळली. त्यातून छोट्या मापात मिश्रणं केली. एक पूर्ण, एक लवंगेशिवाय, एक मसाला वेलचीशिवाय. कोरडं हुंगून भागणार नव्हतं, कारण तक्रार ‘लागतो’ अशी होती, आणि जेवताना वास घशामागून चढतो. म्हणून अर्धा कप गरम पाण्यात अर्धा छोटा चमचा मसाला, दोन मिनिटं झाकून ठेवायचा. मग झाकण काढून हुंगायचं आणि एक घोट घ्यायचा.

पूर्ण मिश्रणात औषधी वास तसाच होता. म्हणजे गिरणी सुटली. मसाला वेलची वगळलेलं मिश्रण तिला वेगळं कळलं, तिने “धूर गेला” असं लिहिलं, पण दवाखाना तिथेच होता. लवंग वगळलेल्या मिश्रणापुढे लिहिलं: “खुर्ची गेली.” जिभेला येणारा बधिरपणाही गेला होता.

हाच माझाही पहिल्या दिवशीचा संशय होता. पण आता तो तिच्या वहीत, तिच्या अक्षरात आणि पुराव्यासकट होता.

बिघाड कुठे होता

तिला वाटलं नव्या गाळ्यावरची लवंग भेसळीची निघाली. सुदैवाने आधीच्या मालातली मूठभर लवंग डब्याच्या तळाशी उरली होती. दोन्ही शेजारी ठेवल्या. जुनी फिकी, हलकी, बऱ्याच कळ्यांची डोकी गळालेली. नखाने दाबलं तर तेल दिसत नव्हतं. नवी गडद, भरीव, दाबल्यावर नखाला तेल लागलं. पाण्याच्या पेल्यात टाकल्यावर नवी तळाशी गेली, जुनीतली बरीचशी वर तरंगत राहिली. तेल काढून घेतलेली किंवा फार जुनी लवंग अशी तरंगते. चांगल्या लवंगेत वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के तेल असतं, तेवढं गेल्यावर उरतो तो भुसा.

म्हणजे नवा माल वाईट नव्हता. जुनाच वाईट होता. एक किलो धण्यांना वीस ग्रॅम लवंग हे तिचं प्रमाण त्या अशक्त लवंगेवर बेतलेलं होतं, आणि गिऱ्हाइकांची जीभही त्यालाच सरावलेली. खरी लवंग त्याच वजनात पडल्याबरोबर मसाला दवाखान्यात गेला.

उपाय वजनाचा होता. तिने नव्या लवंगेची तीन प्रमाणं करून बघितली: किलोला वीस, सोळा आणि बारा ग्रॅम. प्रत्येकाची जुन्या खेपेशी तीन बाटल्यांची परीक्षा. वीसचं मिश्रण सहापैकी सहा वेळा वेगळं कळलं, सोळाचं पाच वेळा, बाराचं दोन वेळा. दोन म्हणजे निव्वळ अंदाजाइतकंच. याचा अर्थ दोन्ही मिश्रणं हुबेहूब सारखी आहेत असा नव्हे. एका नाकाला, सहा फेऱ्यांत फरक पकडता आला नाही, एवढाच. तिच्या कामाला तेवढं पुरलं. तक्रार करणाऱ्यांपैकी एका घरी बारा ग्रॅमची पुडी काही न सांगता पाठवली. आमटी नेहमीसारखी झाल्याचा निरोप आला आणि पुढचा मसाला बारावरच केला.

माझं स्वतःचं मत जरा वेगळं होतं. मला सोळाचा मसाला जास्त आवडला, त्यात धणे आणि दगडफूल मागे न पडता लवंग नीट दिसते. पण गिऱ्हाईक तिचं.

आता काय करते

वाशीला खरेदीला जाताना ती बरोबर चार छोट्या बाटल्या नेते: पसंत पडलेली लवंग, धणे, दालचिनी आणि खवट खोबरं. मसाला मार्केटात हवेतच इतका वास असतो की अर्ध्या तासात नाक हार मानतं. म्हणून नमुने कागदात बांधून आणते आणि निर्णय घरी घेते, दुसऱ्या दिवशी सकाळी. गाळेवाल्यांना सुरुवातीला हे विचित्र वाटलं. आता एक जण स्वतःच दोन प्रतींचे नमुने बांधून देतो. लवंगेचं वजनही ठरीव राहिलेलं नाही. प्रत्येक नव्या मालाची किलोला बारा ग्रॅम घालून छोटी खेप करते, जपून ठेवलेल्या मसाल्याशी ताडते आणि मग वजन ठरवते. जपलेला नमुना घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये असतो आणि दर तीन महिन्यांनी बदलावा लागतो, नाहीतर तोच जुना होऊन माप सरकतं. बदलताना जुना आणि नवा नमुना एकमेकांशी ताडूनच जुना टाकायचा.

जायफळ आणि जायपत्री अजून अडतात. वेगळ्या आहेत हे तीन बाटल्यांत दर वेळी कळतं, पण एकच बाटली दिली तर नाव निम्म्या वेळा चुकतं. वहीत दोघींपुढे सारखीच नोंद आहे, “गोड, लाकडी, उबदार”, आणि अडचण तिथेच आहे. सारखं लिहिलेलं सारखंच आठवणार. सध्या ती दोन्ही गरम दुधात वेगवेगळ्या उकळून बघते आहे. जायपत्री तिथे जरा मिरीच्या अंगाने जाते, असं तिचं म्हणणं. दगडफुलाचा प्रश्न निराळा आहे. कोरडं दगडफूल बाटलीत जवळजवळ मुकं असतं आणि गरम तेलात पडलं की बोलतं, म्हणून त्याची ओळख बाटलीतून होणारच नाही. त्यासाठी पळीत चमचाभर तेल तापवून, त्यात चिमूटभर टाकून, गॅस बंद केल्यावर वाफेवर नाक न्यायचं. हे एका बैठकीत एकदाच, कारण त्यानंतर तासभर स्वयंपाकघरात दुसरं काही हुंगता येत नाही.